इच्छामरणावर मुलांना बोलायला लावताय, तर आधी विषय नीट लिहा

गोव्यातल्या उच्च माध्यमिक विद्यालयांसाठी मराठी वादविवाद स्पर्धा भरवणारे संयोजक आणि तिथे बसणारे परीक्षक यांना,

सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी तुमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या स्पर्धेला मुलं घेऊन येते, चहा-समोसा खाते आणि चषक मिळो न मिळो, संध्याकाळच्या बसने परत जाते. गेल्या वर्षी अशाच एका स्पर्धेचा विषय होता, ‘इच्छामरण असावे की नसावे’. स्पर्धेचं नाव सांगत नाही, कारण हाच विषय याच शब्दांत मी निदान चार ठिकाणी पाहिला आहे. पहिलं बक्षीस मिळालेल्या मुलाचं भाषण खणखणीत झालं. शेवटी त्याने अरुणा शानबाग यांचं नाव घेतलं, आवाज कातर केला, आणि ‘मृत्यू मागणाऱ्या त्या अभागिनीला न्यायालयाने मृत्यूही नाकारला’ असं म्हणून तो बसला. समोरची दोन माणसं डोळे पुसत होती. परीक्षकांपैकी एकानेही त्याला काही विचारलं नाही. हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नामुळे लिहिते आहे.

अरुणा शानबाग यांनी मृत्यू मागितला नव्हता. त्यांना काहीच मागता येत नव्हतं. केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला, कुत्र्याची साखळी गळ्याभोवती आवळली, मेंदूचा प्राणवायू तुटला. पुढची जवळजवळ ४२ वर्षं त्या केईएमच्याच एका खोलीत होत्या. सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला तो पत्रकार पिंकी विराणी यांनी. आणि ज्या परिचारिका त्यांना रोज भरवत होत्या, पुसत होत्या, त्यांनी त्या अर्जाला विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की अरुणांची खरी जवळची माणसं म्हणजे केईएमचे कर्मचारी, आणि त्यांना अरुणा जगायला हव्या आहेत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या. मराठीतल्या इच्छामरणावरच्या भाषणांत सर्वांत जास्त वेळा येणारं हे उदाहरण ‘रुग्णाच्या विनंतीवरून’ या विषयाचं उदाहरणच नाही. तिथे प्रश्न वेगळा होता: ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने कुणी बोलायचं?

दोष मुलाचा नाही. दोष विषयाच्या ओळीचा आहे, आणि थोडा आपल्या शब्दाचाही. ‘इच्छामरण’ म्हटलं की डोळ्यांसमोर भीष्म येतो. पण भीष्माने तो वर कशासाठी वापरला? मरण लवकर यावं म्हणून नाही, पुढे ढकलावं म्हणून. बाणांच्या शय्येवर तो उत्तरायणाची वाट बघत पडून राहिला. दुसरा शब्द ‘दयामरण’. त्यात इच्छा रुग्णाची की दया दुसऱ्याची, हेच कळत नाही. एकाच शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी झाकल्या की मुलं एकमेकांशी भांडत नाहीत, प्रत्येकजण आपल्या मनातल्या वेगळ्याच गोष्टीशी भांडतो.

म्हणून या वर्षी बारावीच्या वर्गात मी वाद घेतला तो एका माणसावर. माणूस कागदावरचा, पण आजार खरा. तिचं नाव आम्ही सुलभाताई ठेवलं. वय ५२, डिचोलीकडे राहणारी, मुलांना पेटी शिकवणारी. नवरा सेवानिवृत्त कंडक्टर, मुलगा तारवटी, म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर. एके दिवशी पेटीवर उजव्या हाताची करंगळी उठेना. सहा महिन्यांनी पंजा, मग दंड, मग जीभ जड. निदान: मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरतात. बहुतेक रुग्ण लक्षणं सुरू झाल्यापासून दोन ते चार वर्षांत श्वासाचे स्नायू थकल्याने जातात, काही त्याहून पुष्कळ जगतात. आजार थांबवणारं औषध नाही. बुद्धी बहुतेकांची शाबूत राहते, मात्र सगळ्यांची नाही, काहींच्या विचारशक्तीवर आणि स्वभावावरही परिणाम होतो. हा ‘मात्र’ पुढे कामाला येतो.

मी मुलांना सुलभाताईंच्या तोंडी चार वाक्यं दिली. पहिलं: ‘मला घशाला भोक पाडून व्हेंटिलेटर लावू नका.’ दुसरं: ‘लावला आहे तो आता काढा.’ तिसरं: ‘मला औषध लिहून द्या, मी स्वतः घेईन.’ चौथं: ‘इंजेक्शन द्या.’ मग फळ्यावर एवढंच लिहिलं, की यातलं कुठलं वाक्य तुम्हाला मान्य नाही आणि नेमकं कुठल्या वाक्यापासून?

वर्ग पाच मिनिटं गप्प होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी मराठीतच बोलते, कोकणीत म्हणाली, ‘टीचर, तिका मरप नाका. तिका अशें जगप नाका.’ मला त्यावर काही सुचलं नाही, मी ते वाक्य फळ्यावर तसंच लिहिलं आणि दोन्ही तासिकांभर पुसलं नाही.

आता कायदा, कारण परीक्षकांपैकी पुष्कळांना तो माहीत नसतो हे मी तुमच्या शेऱ्यांवरून सांगू शकते. पहिलं आणि दुसरं वाक्य भारतात कायदेशीर आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ खटल्यात सांगितलं की सन्मानाने मरणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सज्ञान आणि भान असलेला माणूस उपचार नाकारू शकतो, चालू असलेला उपचार काढायलाही सांगू शकतो. तिसरं वाक्य ऐकून डॉक्टरने औषध दिलं तर तो आत्महत्येस प्रवृत्त करणं आणि मदत करणं या कलमात सापडेल. चौथं ऐकलं तर सदोष मनुष्यवधात. इथे एक गंमत आहे, आणि ती दोन्ही बाजूंच्या मुलांना मी आवर्जून वाचायला लावली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये खुनाला जे अपवाद दिले आहेत त्यातला पाचवा असा, की मारला गेलेला माणूस १८ वर्षांवरचा असेल आणि त्याने स्वतःच्या मृत्यूला संमती दिली असेल, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध. हे कलम जुन्या १८६० च्या दंडसंहितेतून तसंच आलं आहे. म्हणजे संमतीला वजन आहे हे कायद्याने पहिल्यापासून मानलंय. पण त्या वजनाने गुन्हा हलका होतो, नाहीसा होत नाही. शिक्षा पाच ते दहा वर्षं किंवा जन्मठेप. एका बाजूने या कलमाकडे बोट दाखवून म्हणावं, ‘बघा, संमती महत्त्वाची आहे.’ दुसऱ्याने त्याच कलमाकडे बोट दाखवून म्हणावं, ‘बघा, पुरेशी नाही.’ एकाच पुराव्यावर दोन वकिली करता येणं म्हणजे खरा वाद.

मी चिठ्ठ्या टाकून बाजू वाटल्या. तुमच्या स्पर्धांत मुलं बाजू निवडतात आणि दहांतली आठ ‘असावे’ निवडतात, कारण त्या बाजूला गोष्टी सांगता येतात. माझ्या वर्गात प्रत्येकाने आधी समोरच्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा लिहून द्यायचा होता, आणि तो समोरच्यांनी ‘हो, आम्हाला हेच म्हणायचंय’ असं मान्य केल्याशिवाय स्वतःचं बोलायचं नाही. पहिल्या तासिकेतला अर्धा वेळ यातच गेला. तो सर्वांत चांगला अर्धा तास होता.

स्वायत्ततेच्या बाजूने एका मुलाने ‘शरीर माझं, निर्णय माझा’ यावर न थांबता काळाचा प्रश्न काढला. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात १९९७ पासून तिसरं वाक्य कायदेशीर आहे. अट अशी, की दोन डॉक्टरांच्या मते सहा महिन्यांपेक्षा कमी आयुष्य उरलेलं असावं आणि औषध रुग्णाने स्वतः घ्यावं. हा म्हणाला, सुलभाताईंचे हात आधीच गेले, गिळणं जाणार. मग त्यांना ‘अजून गिळता येतंय’ तेव्हाच, म्हणजे मरायचं नसतानाच, घाई करावी लागेल. नेदरलँड्समध्ये २००२ पासून डॉक्टर इंजेक्शन देऊ शकतो, तिथे सुलभाताई शेवटपर्यंत थांबू शकतील, कदाचित मुलगा बोटीवरून येईपर्यंतही. तेव्हा चौथ्या वाक्याला नकार देणारा कायदा काही माणसांचं आयुष्य कमीच करतो. सतरा वर्षांच्या मुलाकडून हा मुद्दा ऐकून मी वहीत तारीख टाकली.

जीवनाच्या पावित्र्याच्या बाजूला बसलेल्या मुलीला चिठ्ठीने ती बाजू मिळाली होती, आणि तिला ती नको होती. तिने पावित्र्य हा शब्द पहिली दहा मिनिटं वापरलाच नाही. तिने विचारलं, व्हेंटिलेटर काढल्यावर सुलभाताई आपल्या आपण श्वास घेत राहिल्या तर डॉक्टर काय करेल? आनंदाने बघत बसेल. आणि इंजेक्शन दिल्यावर त्या जगल्या तर? दुसरं इंजेक्शन भरेल. तिच्या मते दुसऱ्या आणि चौथ्या वाक्यातला फरक इथे आहे, डॉक्टरचा हेतू कशाने पुरा होतो यात. एकात आजार मारतो, एकात माणूस. मग ती म्हणाली की डॉक्टरच्या हाताला हे एकदा शिकवलं की तो हात पुढच्या खोलीतही जातो. समोरून लगेच प्रश्न आला, की व्हेंटिलेटरचं बटण बंद करणारा हातही हातच ना? तिने थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, ‘हो. म्हणून मला ते बटणही सोपं वाटत नाही.’ तुमच्या गुणपत्रिकेत या उत्तराला कुठल्या रकान्यात गुण द्याल? उच्चारण, हावभाव, वक्तृत्व, वेळ. मला रकाना सापडला नाही.

धर्माचं काय होईल याची मला धास्ती होती. वर्गात हिंदू, ख्रिश्चन आणि दोन मुसलमान मुलं. माझी समजूत अशी की ख्रिश्चन मुलं सगळ्याच वाक्यांना ‘नाही’ म्हणतील. एका मुलाने घरच्या पाद्रीकाकांना विचारून आणलं, की १९५७ साली पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना सांगितलं होतं, असाधारण उपाय चालू ठेवायला कुणी बांधील नाही. म्हणजे चर्चच्या दृष्टीनेही पहिलं वाक्य पाप नव्हे. इंजेक्शनला मात्र पक्का नकार. मुसलमान मुलांपैकी एक म्हणाली, जीव अल्लाची अमानत, आपण राखणदार. आणि हिंदू मुलांना वाटत होतं की आपल्याकडे याला बंदीच नाही, कारण ज्ञानेश्वरांची समाधी, आणि विनोबा. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं आणि १५ तारखेला ते गेले. मग वर्गाने विचारलं, हे चारांपैकी कुठलं वाक्य? पहिल्यासारखं आहे, पण पूर्ण पहिलं नाही, कारण अन्न म्हणजे उपचार आहे का? आणि कुणी डॉक्टरला काही करायला सांगितलंच नव्हतं. घंटा झाली तेव्हा हा प्रश्न उघडाच होता. मी तो मिटवला नाही.

दुसऱ्या तासिकेत घसरडी वाट, म्हणजे एकदा थोडी सूट दिली की ती वाढतच जाते ही भीती. हा मुद्दा स्पर्धांत दोन वाक्यांत येतो आणि दोन वाक्यांतच हाणून पाडला जातो, तर त्याला थोडी जागा देते. विरोधकांनी कॅनडा आणला. तिथे २०१६ मध्ये कायदा झाला तेव्हा अट होती की नैसर्गिक मृत्यू जवळ दिसत असावा. २०२१ मध्ये ती अट सक्तीची उरली नाही. मृत्यू दूर असलेला, पण असाध्य आजार किंवा अपंगत्व असलेला माणूसही अर्ज करू शकतो. निव्वळ मानसिक आजार हेच कारण असलेल्यांसाठी दार उघडण्याची तारीख तिथे पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आहे. पाच वर्षांत कुंपण हललं. समर्थकांनी पुन्हा ओरेगन आणलं. तिथली सहा महिन्यांची अट १९९७ पासून तशीच आहे, आणि औषध लिहून घेतलेल्यांपैकी साधारण तिघांतला एक ते घेतच नाही. वाट असली म्हणजे प्रत्येकजण घसरतोच असं नाही. मग विरोधकांकडून, मला अपेक्षित नसलेलं: ‘तिघांतला एक घेत नाही, म्हणजे त्याला मरण नको होतं, हातात काहीतरी हवं होतं. ते देण्याचा दुसरा रस्ता नाही का?’

इथे मी एक आकडेवारी वाचून दाखवली जी दोन्ही बाजूंना अडचणीची आहे. ओरेगनचं आरोग्य खातं दरवर्षी अर्जदारांची कारणं छापतं. वर्षानुवर्षं वरची तीन कारणं तीच: स्वायत्तता जाणं, आवडीच्या गोष्टी करता न येणं, प्रतिष्ठा जाणं. वेदना, किंवा वेदना होईल ही भीती, पुष्कळ खाली. म्हणजे ‘दुखतंय म्हणून मागतात, दुखणं थांबवा, मागणार नाहीत’ हे विरोधकांचं लाडकं उत्तर पुरतं लागू पडत नाही. आणि ‘असह्य वेदना’ हा समर्थकांचा लाडका शब्दही तितका लागू पडत नाही. सुलभाताईंना मुख्य भीती गुदमरण्याची. त्यावर थोड्या मात्रेतलं मॉर्फिन नीट काम करतं, आणि व्हेंटिलेटर काढायचा झाला तर आधी गुंगीचं औषध देऊन मगच काढतात, माणूस तडफडत ठेवत नाहीत. मॉर्फिन योग्य मात्रेत दिल्याने माणूस मरतो ही समजूत चूक आहे. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ते रुग्णालयांना मिळणं सोपं झालं. लोटलीला शांती अवेदना सदन आहे, शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांसाठी. वर्गातल्या एका मुलीची आजी तिथे होती. ती मुलगी वादात बोलली नाही, मी तिला बोलायला लावलंही नाही.

आणि आता तो मुद्दा, जो मला स्वतःला सर्वांत जास्त छळतो, आणि जो परदेशी पुस्तकातून उचललेल्या भाषणांत कधीच येत नाही. आपल्याकडे निर्णय रुग्ण घेतो का? आयसीयूच्या बाहेर डॉक्टर कुणाशी बोलतात? मुलाशी, जावयाशी, भावाशी. ‘आता काही उपयोग नाही, घरी घेऊन जा,’ हे वाक्य रुग्णाच्या कानावर न जाता ठरतं. कागदावर लिहितात, ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’. प्राणवायूची नळी घराच्या ओट्यापर्यंत टिकते, मग तुळशीपत्र. याला कुणी इच्छामरण म्हणत नाही, कारण यात इच्छा कुणाची हे विचारलेलं नसतं. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं. त्यांना काय हवं होतं, हे आम्ही पाच माणसं त्यांच्या खाटेपासून सात फुटांवर बोलत होतो आणि ते जागे होते. ते जागे होते हे मला नंतर नर्सने सांगितलं. स्वायत्ततेवर भाषण देणाऱ्या मुलाला मी हेच विचारते: सुलभाताई ‘काढा’ म्हणाल्या, ते नवऱ्याचा चेहरा बघून म्हणाल्या का? मुलाची बोट सोडून येण्याची सुट्टी मोजून म्हणाल्या का? आणि पावित्र्यावर बोलणाऱ्याला विचारते: तुझ्या पवित्र जीवनाची सात फुटांवरून विल्हेवाट लावतात, तेव्हा तू कुठे असतोस?

यावर कायद्याने एक कागद काढला आहे, जिवंतपणीचं इच्छापत्र. २०१८ च्या निकालाने त्याला मान्यता दिली, पण दंडाधिकाऱ्यासमोर सही, २० वर्षं अनुभवाचे डॉक्टर, जिल्हाधिकाऱ्याचं मंडळ अशी तटबंदी केली की कुणी फिरकलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानेच ती सैल केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने बोलणारी माणसं नावानिशी लिहायची. पुढे भान गेलं तर उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ शक्यतो ४८ तासांत मत देतात, मग नव्या तज्ज्ञांचं दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर, तेही शक्यतो ४८ तासांत. अंमल करण्याआधी दंडाधिकाऱ्याला कळवायचं. मंडळांचं जमलं नाही तर उच्च न्यायालय. गोव्यात मे २०२४ मध्ये पर्वरीला उच्च न्यायालयात न्या. महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र केलं, तेव्हा त्याची बातमी झाली होती.

या कागदाची एक प्रत स्थानिक पालिकेच्या किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. हे वाचून माझे दोन विद्यार्थी एका पंचायतीत गेले (कुठली ते सांगत नाही) आणि सचिवांना विचारलं, इच्छापत्र कुठे जमा करायचं? सचिव म्हणाले, ‘मिळकतीचं? ते नोटरीकडे.’ मुलांनी समजावलं. त्यांनी चष्मा काढला, दोघांकडे पाहिलं, आणि ‘तुमच्यापैकी कोण आजारी आहे?’ असं विचारलं. मुलं हसत परत आली. मला त्यात हसण्यासारखं थोडंच वाटलं.

सुलभाताईंकडे परत येते, कारण तो ‘मात्र’ राहिला. आम्ही शेवटी एक अट घातली: विचारशक्तीवर परिणाम झालेल्या थोड्या रुग्णांत त्या आहेत, हे दुसऱ्या वर्षी लक्षात आलं. इच्छापत्र पहिल्या वर्षीचं, ‘व्हेंटिलेटर नको’. आता मात्र त्या नातवाचा फोटो बघून हसतात आणि मशीन काढू का विचारलं की मान हलवून ‘नको’ म्हणतात. कुठली सुलभाताई खरी? स्वायत्ततावाल्यांत फूट पडली. अर्धे म्हणाले, कागद हा तिचा शब्द आहे, भान असताना दिलेला. अर्धे म्हणाले, कागद भान गेलेल्यांसाठी होता, आणि मान हलवणं हाही शब्दच आहे. पावित्र्यवाल्यांना वाटलं आपण जिंकलो, तोवर त्यांच्यातलीच एक म्हणाली, की उलटं असतं तर? कागदावर ‘शेवटपर्यंत जगवा’ आणि आता ‘काढा’ अशी मान हलवली असती तर आपण तिचं ऐकलं असतं का? कुणी उत्तर दिलं नाही. मी दिलं नाही.

आता तुमच्याकडे मागणं. ‘असावे की नसावे’ छापू नका. एखादं वाक्य छापा, ज्यावर खरोखर दोन मतं आहेत: ‘भान असलेल्या, असाध्य आजाराच्या प्रौढ रुग्णाने वारंवार मागितल्यास डॉक्टरला इंजेक्शन देण्याची परवानगी कायद्याने द्यावी’. म्हणजे पहिल्या दोन वाक्यांवर, जिथे कायदा आधीच स्पष्ट आहे, वेळ जाणार नाही. बाजू चिठ्ठीने वाटा आणि मुलांना तसं आठवडाभर आधी कळवा. परीक्षकांना एक पान द्या, त्यावर कायदा आणि तारखा, म्हणजे शानबाग यांच्या तोंडी न मागितलेलं मागणं घालणाऱ्याला निदान एक प्रश्न विचारला जाईल. आणि समोरच्याचा मुद्दा प्रामाणिकपणे मांडण्याला गुणांचा एक रकाना द्या, हावभावाचा कमी करा. हावभावाशिवाय चालतं.

शिवाय एक, जे बोलायला अवघड आहे. सभागृहात दीडशे मुलं असतात, सतरा वर्षांची. त्यातलं कुणी ना कुणी घरी असा रुग्ण सोडून आलेलं असतं, किंवा स्वतःच बऱ्या दिवसांत नसतं. मरणाच्या पद्धतींचं वर्णन भाषणात चालणार नाही, हे नियमावलीत लिहा. विषय आधी जाहीर करा म्हणजे ज्याला बसायचं नाही तो बसणार नाही, आणि त्याला कारण विचारू नका. पत्रिकेच्या तळाशी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापायला अर्धी ओळ लागते.

माझ्या वर्गातल्या ज्या मुलीला नको असलेली बाजू मिळाली होती, ती परवा स्टाफरूमच्या दारात आली. तुमच्या पुढच्या स्पर्धेला तिला जायचंय. मी विचारलं, कुठल्या बाजूने? म्हणाली, ‘टीचर, ते त्यांनी ठरवू दे. मला फक्त विषय कसा लिहिलाय तो आधी बघायचाय.’

पत्रक छापायच्या आधी कळवलंत तर तिला दाखवीन.

आपली,
फोंडा तालुक्यातली एक शिक्षिका